एका लिटरचा अर्ज

ऑफिसात त्याला सगळे चाळणी म्हणत. तोंडावर अर्थातच सर. पण पाठीमागे चाळणी, आणि हे त्याला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. सतरा वर्षं एकाच कंपनीत मोबाइलची ॲप लिहून माणसाला दुसरं मिळतं तरी काय? पाठदुखी मिळते आणि एखादं टोपणनाव मिळतं. पाठदुखीपेक्षा टोपणनाव बरं.

कंपनी बावीस माणसांची, तिसऱ्या मजल्यावरची. लिफ्टची देखभाल करणाऱ्या मिस्त्र्यांसाठी त्यांनी ॲप बनवलं होतं. मिस्त्री इमारतीत जातो, तेवीस गोष्टी तपासतो, ब्रेक, दोर, दरवाजे, घंटा, आणि एकेकीपुढे बरोबरची खूण करत जातो. खुद्द यांच्या इमारतीची लिफ्ट मात्र महिन्यातून दोनदा बंद पडे. त्यावर विनोद करून करून मंडळी इतकी दमली होती की आता कुणी हसत नसे, मुकाट जिना चढत.

नवीन माणूस घ्यायचा झाला की अर्ज आधी भरतीवालीकडे जात आणि तिच्याकडून चाळणीकडे. भरतीवाली वयाने लहान, कामाला चलाख. ती तक्ते करी, रंग भरी, आणि एका दिवसात दोनशे अर्जांचे वीस करून दाखवी. चाळणीची पद्धत वेगळी. त्याच्या खणात एक जुना फोन होता. काचेला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडा, मेमरी एवढीशी, आणि पाठीमागची बॅटरी इतकी सैल की फोन टेबलावर जरा जोरात ठेवला की प्राण सोडी. या फोनला तो म्हातारी म्हणे. उमेदवाराने ज्या ॲपचा अर्जात डंका वाजवला असेल ते ॲप म्हातारीवर चढवायचं आणि मग तिचा छळवाद सुरू करायचा. फोन आडवा कर, अक्षरं सगळ्यात मोठी कर, नेटवर्क बंद कर. आणि शेवटी ब्रह्मास्त्र: फोनच्या सेटिंगमध्ये डेव्हलपरांसाठी एक आतलं पान असतं, तिथे असं सांगता येतं की ॲप पडद्यावरून मागे गेलं रे गेलं की त्याला मारून टाक. कमी मेमरीचे फोन हे असंही करतातच. माणूस ॲपमध्ये काहीतरी अर्धवट लिहितो, मध्येच फोन येतो किंवा तो कॅमेरा उघडतो, परत येऊन बघतो तर ॲपला काही म्हणजे काही आठवत नाही. दहातली नऊ ॲप इथे आडवी होत. लाखभर डाउनलोडवालीसुद्धा. चाळणी तेव्हा खुर्चीत मागे रेलून म्हणे, "उथळ पाण्याला खळखळाट फार," आणि अर्ज बाजूला सरकवी.

त्या मंगळवारी भरतीवालीने त्याच्यापुढे चार अर्ज ठेवले. तीन एकत्र टाचलेले, चौथा सुटा.

"हे तीन बघा सर. तिघांच्याही ॲपला हजाराच्या वर डाउनलोड आहेत. शुक्रवारपर्यंत मॅडमना एक नाव द्यायचंय. जागा एकच आहे."

"आणि हा?"

"तो नाही म्हणूनच ठेवलाय. पण तुम्ही नंतर म्हणाल, मला दाखवला का नाहीस, म्हणून आणला. नुसते दहाच्या वर डाउनलोड आहेत सर. दहा! माझ्या बहिणीच्या लग्नाच्या फोटोंना याहून जास्त लाइक होते. आणि पत्रात काय लिहिलंय ते बघाच. अहो, झाकली मूठ सव्वा लाखाची असते, ही बाई अर्जातच मूठ उघडून दाखवते आहे."

ती गेल्यावर चाळणीने चहाचा घोट घेतला आणि सुटा अर्ज उचलला. चघळायला काहीतरी हवंच होतं. पत्र एका पानाचं होतं.

"ज्युनिअर अँड्रॉइड डेव्हलपरच्या जागेसाठी अर्ज करते आहे. यंदाच पदवी पूर्ण केली. नोकरीचा अनुभव नाही. प्रकाशित केलेलं एकच ॲप आहे, त्याची आणि त्याच्या कोडची लिंक खाली दिली आहे.

"माझ्या बाबांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस होतं. डॉक्टरांनी त्यांना दिवसाला एक लिटर ठरवून दिलं आहे. त्यात पाणी, चहा, औषधाबरोबरचा घोट, सगळं आलं. किती झालं हे लक्षात ठेवणं त्यांना जड जात होतं म्हणून मी ॲप केलं. घरातल्या पाच भांड्यांची चित्रं आहेत. प्यायलं की त्या भांड्यावर बोट ठेवायचं. दिवसाचं किती उरलं ते मोठ्या आकड्यात दिसतं.

"पहिल्या आवृत्तीत मी आकडा फक्त चालू ॲपच्या मेमरीत ठेवला होता. माझ्या फोनवर ते नीट चाललं, कारण माझा फोन नवा होता. बाबांचा फोन जुना आहे. एका दुपारी त्यांनी कॅमेरा उघडला, फोनने मागचं ॲप बंद केलं, आणि परत उघडल्यावर एक लिटर पूर्ण उरलं आहे असं दिसलं. सातशे मिली पिऊन झालं होतं. बाबांना आठवत होतं, पण त्यांनी स्वतःपेक्षा माझ्या ॲपवर विश्वास ठेवला. ते म्हणाले, मीच विसरलो असेन. दुसऱ्या दिवशी त्यांना धाप लागली आणि ठरल्या वेळेआधी मशीनवर घ्यावं लागलं. आता ते बरे आहेत.

"ही चूक माझी होती. त्यानंतर ॲप पुन्हा पहिल्यापासून लिहिलं, आणि मगच प्रकाशित केलं. त्यात अजून काय जमत नाही याची यादी कोडबरोबर ठेवली आहे. आपण ते तपासून पाहावं ही विनंती."

खाली सही. आपण मेहनती आहोत, जिद्दी आहोत, चार लोकांत मिसळून काम करतो, यातलं एक अक्षरही नव्हतं.

चाळणीचा चहा निवला. पत्र त्याने पुन्हा वाचलं, आणि 'मीच विसरलो असेन' या शब्दांपाशी दुसऱ्यांदा थबकला. छातीत काहीतरी बारीक टोचलं. का टोचलं ते त्याला नीट माहीत होतं, पण त्या वेळी त्याने तिकडे बघायचं टाळलं. खण उघडला आणि म्हातारीला बाहेर काढलं.

ॲप उतरायला क्षणभरही वेळ लागला नाही, इतकं लहान. उघडलं तर खरोखरच पाच भांडी. स्टीलचा पेला, कान तुटलेला निळा कप, औषधाचं झाकण, एक वाटी, एक बाटली. चित्रं साधी होती, पण कपाचा तुटका कानसुद्धा काढलेला होता, म्हणजे ही भांडी दुकानातली नव्हती, एका घरातली होती. वर आकडा: एक हजार मिली.

त्याने पेल्यावर बोट ठेवलं. आठशे वीस. फोन आडवा केला. आठशे वीस. अक्षरं मोठी केली, एवढी मोठी की बाकीची ॲप अशा वेळी एकमेकांच्या अंगावर पडतात. इथे भांडी शिस्तीत खाली सरकली आणि आकडा होता तिथेच राहिला. नेटवर्क तोडलं. काही फरक नाही. मग ब्रह्मास्त्र. ॲप मागे टाकलं, म्हातारीने त्याचा जीव घेतला, पुन्हा उघडलं. आठशे वीस.

"बरं," चाळणी म्हणाला. हा शब्द तो वर्षातून तीनचारदा वापरी.

मग त्याने मुद्दामच कपावर बोट ठेवलं आणि त्याच क्षणी म्हातारीची बॅटरी उपटली. हे तो कधीच कुणाच्या ॲपला करत नसे, इतका दुष्टपणा त्याच्यातही नव्हता. बॅटरी परत बसवली. फोन रडतखडत चालू झाला. बॅटरी निघाली की म्हातारी काळाचं भानही हरवून बसे. नेटवर्क नसलं तर ती स्वतःला कित्येक वर्षं मागच्या कुठल्याशा जानेवारीत समजे. आता मात्र बाई तू सापडलीस, असं मनात म्हणत त्याने ॲप उघडलं. फोनच्या लेखी आज वेगळाच दिवस होता, तेव्हा आजचं पाणी शोधायला गेलेल्या ॲपला काहीच सापडणार नाही आणि ते ऐटीत एक हजार दाखवणार, यात त्याला शंका नव्हती.

ॲपने एक हजाराचा आकडा दाखवला नाही. त्याऐवजी एक ओळ आली. "फोनचं घड्याळ मागे गेलेलं दिसतं. शेवटची नोंद आजच धरली आहे. उरलेलं पाणी सहाशे सत्तर. घड्याळ बरोबर लावेपर्यंत नवा दिवस सुरू करणार नाही."

कपाचं दीडशेही त्यात वजा होतं. बॅटरी उपटायच्या आधीच्या त्या निमिषात तेही लिहून झालं होतं.

चाळणी उठून उभा राहिला. का उभा राहिला ते त्याला सांगता आलं नसतं. देवळात घंटा वाजली की माणूस नकळत सावरून उभा राहतो, तसं काहीसं झालं. सतरा वर्षं त्याने ॲप लिहिली आणि पाडली, पण एवढ्याशा ॲपने एवढ्या मोठ्या काळजीने एखाद्या माणसाचा हात धरलेला त्याने पाहिला नव्हता.

मग त्याने कोड उघडला आणि जेवणाची सुट्टी विसरला. आकडा कुठे साठवलेलाच नव्हता. साठवले होते फक्त घोट. बोट ठेवलं की त्या घोटाची स्वतंत्र नोंद तत्क्षणी डेटाबेसमध्ये जाई, आधीच्या नोंदीला कधी धक्का लागत नसे, आणि उरलेलं पाणी दर वेळी त्या नोंदींची बेरीज करून नव्याने काढलं जाई. त्यामुळे विसरायला काही शिल्लकच नव्हतं. बोट चुकून लागलं तर नोंद पुसली जात नसे, तिच्यावर काट मारली जाई. एका कोपऱ्यात तिने स्वतःसाठी नियम लिहून ठेवला होता: "शंका आली तर प्यायलं आहे असं धरायचं." शिवाय तपासण्या होत्या, म्हणजे ॲप स्वतःच स्वतःची परीक्षा घेईल असे छोटे छोटे कार्यक्रम. पहिल्याचं नाव होतं 'कॅमेरा उघडला तरी पाणी विसरू नये'. आणि बदलांच्या नोंदवहीत, जिथे लोक 'दुरुस्ती' किंवा 'आता तरी चाल बाबा' असं काहीबाही लिहितात, तिथे एका तारखेला लिहिलं होतं: "बाबा घरी आले. पहिल्यापासून सुरुवात."

न जमणाऱ्या गोष्टींच्या यादीत सगळ्यात वर होतं: "घड्याळ पुढे गेलं तर अजून ओळखता येत नाही. उपाय सापडलेला नाही." चाळणीने वीस मिनिटं डोकं खाजवलं. त्यालाही सापडला नाही.

बुधवारी त्याने एक वेडेपणा केला. ॲप स्वतःच्या फोनवर घेतलं आणि ठरवलं, आज दिवसभर एक लिटर. आपण निरोगी माणूस, एका दिवसाने काय होतंय! सकाळी उठल्या उठल्या सवयीने दोन पेले पाणी आणि वर चहा झाला, आणि बोट ठेवल्यावर दिसलं की अर्धा लिटर तर घराबाहेर पडायच्या आधीच संपला. तीन मजले चढून ऑफिसात आला तेव्हा घसा कोरडा. अकराच्या बैठकीत समोरच्याने बाटली तोंडाला लावली आणि घट घट असा आवाज केला, तेव्हा चाळणीला त्याचा जन्मात आला नसेल इतका राग आला. दुपारी दोनला उरले दीडशे मिली. तो दर दहा मिनिटांनी फोन काढून आकडा बघू लागला, जणू बघून तो वाढणार होता.

तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की या आकड्याकडे तो माणूस कसा बघत असेल. त्याच्यासाठी हे ॲप नव्हतं. दिवसात उरलेलं सगळं सुख त्या आकड्यात होतं. आणि एके दुपारी तोच आकडा एक हजार झाला, तर कोण म्हणेल की हे खोटं आहे? तहानलेला माणूस आनंदाने म्हणेल, मीच विसरलो असेन.

संध्याकाळी घरी बायकोने विचारलं, "आज गप्प का? बरं वाटत नाहीये का?"

"पाणी दे," तो म्हणाला, आणि तिने दिलेला पेला हातात धरून कितीतरी वेळ बघत बसला.

"अहो, प्यायचं असतं ते," बायको म्हणाली.

गुरुवारी मुलीला बोलावलं. बारीक अंगाची, खांद्याला कापडी पिशवी, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. जिना चढून आली तरी समोरच्या पेल्यातलं पाणी तिने घोट घोट घेतलं. भरतीवालीने प्रश्नांचा कागद पुढे केला होता, पण चाळणीने तो उपडा ठेवला.

"ॲप स्टोअरवर चढवायचं तर आधी ते वापरून बघणारे बारा परीक्षक लागतात ना? चौदा दिवस सलग जोडलेले. कुठून आणलेस? मैत्रिणी?"

"नाही सर. बाबांच्या वॉर्डात. मशीनवर एकेकाला चारचार तास बसावं लागतं. बाबांचा फोन बघून शेजारच्या काकांनी मागितलं, मग पलीकडच्या मावशींनी. त्यांच्यासाठीच तर स्टोअरवर टाकलं, नाहीतर बाबांच्या फोनवर मी ते थेट घालूनच दिलं होतं. बारातले नऊ जण अजून वापरतात." आणि वर म्हणाली, "सगळ्यांचे फोन जुने आहेत. त्यामुळे चाचणी चांगली झाली."

भरतीवालीने डाउनलोडांच्या रकान्याकडे पाहिलं आणि पेनाशी चाळा करू लागली.

"मग पत्रात ती चूक का लिहिलीस?" चाळणीने विचारलं. "कुणी विचारलं नव्हतं. त्या एका परिच्छेदापायी तुझा अर्ज नको त्या ढिगात गेला होता."

मुलगी गोंधळली. तिला प्रश्नच कळला नसावा असं वाटलं. "पण सर, ॲप असं का लिहिलंय हे सांगायचं तर ते सांगावंच लागणार. तेवढं काढलं तर उरतं काय त्यात? पाच भांड्यांची चित्रं."

ती जिना उतरून गेल्यावरही तो तिथेच बसून राहिला. भरतीवाली हळूच म्हणाली, "सर, मी जाऊन परत वाचलं काल ते पत्र. माझा तो हजाराचा रकाना... जाऊ दे." तिने टाचलेले तीन अर्ज उचलले आणि निघून गेली.

शुक्रवारी दुपारी मालकीणबाईंच्या खोलीत तिघं बसली. मालकीणबाईंनी ही कंपनी दोन टेबलांवरून इथवर आणलेली. त्यांच्या नाकावर माशी बसत नसे, पण डोकं थंड होतं. चाळणीने एकच अर्ज पुढे ठेवला. त्यांनी तो शांतपणे वाचला.

"मुलगी हुशार आहे, मान्य," त्या म्हणाल्या. "पण विचार करा. आपलं ॲप लिफ्टचं आहे. ब्रेक तपासला की नाही हे त्यात लिहिलं जातं. एखादी खूण हरवली तर उद्या माणसं जिवाला मुकतील. आणि आपण आणायची कोण, तर नेमकी हीच चूक करून जिने बापाला दवाखान्यात पोचवलं ती? हे तिने स्वतःच लिहून दिलंय. उद्या एखाद्या ग्राहकाने विचारलं तर मी काय सांगू? दुसरे तिघं आहेत, त्यांनी अशी चूक केलेली नाही."

"केलेली नाही असं नाही मॅडम. लिहिलेली नाही."

"तुम्ही करता का अशा चुका? सतरा वर्षं आहात इथे."

प्रश्न सहज विचारला होता. त्यांना उत्तर नकोच होतं. चाळणीने मान हलवली असती तर बोलणं पुढे गेलं असतं, मुलीचा अर्ज मागे पडला असता, आणि चाळणी संध्याकाळी नेहमीसारखा घरी गेला असता. मंगळवारपासून छातीत जे टोचत होतं ते आता घशाशी आलं. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते काही उगीच नाही.

"केली आहे," तो म्हणाला. "हीच. नेमकी हीच."

भरतीवालीने वर पाहिलं.

"दोन वर्षांपूर्वी एका मिस्त्रींवर तक्रार आली होती, आठवते? ब्रेकच्या रकान्यात खूण नव्हती. ते म्हणत होते, मी केली. आपण त्यांच्या कंपनीला कळवलं की ॲपमध्ये काही दोष नाही. ते कळवलं होतं मी. त्यांना लेखी ताकीद मिळाली. तीन आठवड्यांनी मला कळलं. खुणा करताकरता ते दोराचा फोटो काढायला कॅमेऱ्यात गेले होते. त्यांचा फोन जुना. आपलं ॲप मागे मेलं, आणि परत उघडलं तेव्हा शेवटच्या खुणा गेलेल्या होत्या. चूक माझ्या कोडमध्ये होती. मी ती दुरुस्त केली, आणि नव्या आवृत्तीच्या माहितीत लिहिलं, 'किरकोळ सुधारणा'. म्हातारीवर सगळ्यांची ॲप तपासायचं मी तेव्हापासूनच सुरू केलं. लोकांना वाटतं मी कडक आहे. मी कडक नाही मॅडम, मी घाबरलेलो आहे."

मालकीणबाईंनी चष्मा काढला.

"आणि दोन वर्षं गप्प बसलात."

"हो."

"ही पोर नोकरी मागायला आली आहे, तिचा दगडाखाली हात आहे, आणि ती पहिल्याच पानावर सांगते. आणि तुमची नोकरी पक्की होती."

"हो," चाळणी म्हणाला. "म्हणूनच म्हणतो, तिला घ्या. मला ॲप पाडता येतात. तिच्यासारखं धरून ठेवता येत नाही."

मालकीणबाईंनी चष्मा परत चढवला. मग भरतीवालीला म्हणाल्या, "मुलीला कळव. सोमवारपासून ये म्हणावं." आणि चाळणीकडे न बघताच, "त्या मिस्त्रींच्या कंपनीला पत्र मी लिहिते. ताकीद काढून घ्यायला सांगते. पण फोन तुम्ही करायचा. आत्ता. तुमच्याशी मला बोलायचंय, ते त्यानंतर."

चाळणी जिन्याच्या वळणावर जाऊन उभा राहिला. लिफ्ट बंदच होती. मिस्त्रींचा नंबर जुन्या तक्रारीवर होता. घंटा वाजत राहिली तेवढ्या वेळात त्याने मनात चार वाक्यं जुळवली आणि चारही विसरला.

"हॅलो?" आवाज वयस्कर होता. मागे कुणीतरी भांडी घासत होतं.

त्याने नाव सांगितलं, कंपनी सांगितली. आणि मग, मुलीचं पत्र नजरेपुढे होतं म्हणून असेल, पण तिच्यासारखंच सरळ सांगितलं. दोष ॲपमध्ये होता. तो माझा होता. तुमची ताकीद चुकीची होती. मला तीन आठवड्यांत कळलं होतं आणि मी बोललो नाही. माफ करा.

चाळणीला वाटलं, आता शिव्या येतील. आल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"साहेब," मिस्त्री म्हणाले, "मी तेव्हापासून वहीत पण लिहितो. आधी ॲपमध्ये, मग वहीत. पुन्हा खाली उतरलो की वाटतं, ब्रेक बघितला का? परत वर जातो. चार मजले असोत नाहीतर चौदा. मुलगा म्हणतो, बाबा तुमचं वय झालं, आता हे काम सोडा. मलाही वाटत होतं, होत असेल. डोकं चालत नसेल आता."

चाळणीने कठडा घट्ट धरला.

"म्हणजे साहेब," मिस्त्रींनी अगदी हळू विचारलं, "मी त्या दिवशी खूण केली होती?"

"केली होती मिस्त्री. तुम्ही केली होती."

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. फोन कानापासून लांब गेला असावा, कारण मिस्त्रींचा आवाज दुरून आला, पण जिन्यात उभ्या असलेल्या माणसाला तो शब्दन् शब्द ऐकू आला.

"अगं, ऐकलंस का? मी विसरलो नव्हतो!"